उन्हाळ कांदा, एकरी किती राहिले? कर्ज भरल्यावर वही तोटा दाखवतेय

कादवाकाठचा
राम राम मंडळी. निफाड तालुक्यातला आहे, दोन एकर उन्हाळ कांदा केला होता. ३० जूनला पीककर्ज भरून आलो आणि रात्री वही घेऊन बसलो तर डोकं गरगरायला लागलं. आकडे जसेच्या तसे देतो.

बियाणं ६ किलो १२,०००. रोप टाकणं, त्याचं औषध ५,०००. नांगरट, रोटा, सारे पाडणं ११,०००. लागवड मजुरी २६,०००. खत २४,०००. तणनाशक आणि एक निंदणी १३,०००. फवारण्या २०,०००. पाइप, मोटर दुरुस्ती ३,०००. काढणी आणि पात कापणी २८,०००. चाळीत भरायची मजुरी ४,६००. ट्रॅक्टरचं भाडं आठ खेपा १४,४००. पट्टीतून हमाली तोलाई कापली ती सगळी मिळून २,८००. एकूण १,६३,८००.

विक्री अशी, एप्रिलमध्ये शेतातूनच ८० क्विंटल ११५० ने गेला, ९२,०००. बाकी चाळीत टाकला, जूनच्या शेवटी ११२ क्विंटल १६५० ने गेला, १,८४,८००. गोल्टी आणि खाद ८ क्विंटल ५०० ने, ४,०००. एकूण २,८०,८००.

बँकेचं कर्ज ५ नोव्हेंबरला १,६०,००० उचललं होतं, सात टक्के. भरताना व्याजासकट १,६७,२७२ भरले.

आता २,८०,८०० मधून खर्च गेला, कर्ज गेलं, उरले वजा ५०,२७२. म्हणजे एकरी २५ हजार तोटा. पण मग घरात जे पैसे दिसतायत ते कुठून आले? बायको म्हणते तुमची वही खोटं बोलते.

चांदवडचा_वारा
वहिनी बरोबर बोलतात. कुठलीही वही बघायची गरज नाही, हा निकाल कायमचा आहे 😄

पुणेकर_नातू
खूप वाईट वाटलं वाचून. दादा तुम्ही कर्जमाफीसाठी अर्ज केलाय का? अशा तोट्यात सरकारने मदत करायलाच पाहिजे. माझे आजोबा पण येवल्याचे होते.

कादवाकाठचा
नातू भाऊ, कर्ज फिटलंय हो. माफी कशाची मागू. प्रश्न फक्त हिशोबाचा आहे.

मळेवाली
भाऊ तोटा नाहीये. तुम्ही एकच पैसा दोनदा वजा केलाय.

५ नोव्हेंबरला १,६०,००० हातात आले ते वहीत कुठे लिहिलेत? जमेला नाहीत. मग त्या पैशातून बियाणं आणलं, लागवड दिली, खत आणलं, ते खर्चाला लिहिलंत. तिथे एकदा वजा झालं. आणि जूनमध्ये तेच १,६०,००० बँकेला परत दिले ते परत खर्च म्हणून वजा. मुद्दल म्हणजे पिकाचा खर्च नव्हे, ते शेजारणीकडून आणलेली पातेली परत दिल्यासारखं आहे. खर्च कोणता, तर पातेली वापरायचं भाडं, म्हणजे व्याज.

एक तर कर्ज आलं तेव्हा जमेला लिहा आणि गेलं तेव्हा नावे लिहा, नाही तर दोन्हीकडून खोडा. मी खोडते. मग राहतं हे:

विक्री २,८०,८००
खर्च १,६३,८००
व्याज ७,२७२
नफा १,०९,७२८
दोन एकराचे म्हणजे एकरी ५४,८६४

कादवाकाठचा
ताई डोक्यात शिरतंय आणि नाही पण शिरत. बँकेने तर खिशातूनच काढून घेतले ना १,६७,०००. आणि तेवढी विक्री झाली नसती तर कुठून भरले असते?

मळेवाली
खिशातून गेले हे खरं, पण नोव्हेंबरात खिशात आलेही होते. तुमचे दोन वेगळे प्रश्न आहेत. "३० जूनला कर्ज भरण्याइतका पैसा हातात असेल का" हा एक, आणि "कांद्याने एकरी किती दिले" हा दुसरा. पीक फायद्यात असतं आणि तरी जूनमध्ये हात रिकामा असतो, असं कितीतरी जणांचं होतं, कारण पट्टी उशिरा येते नाहीतर कांदा चाळीतच पडलेला असतो. म्हणून तर लोक नवं-जुनं करतात, कुठून तरी एका दिवसासाठी पैसे आणून खातं भरायचं आणि दुसऱ्या दिवशी परत उचलायचं. त्याचा वरचा खर्च मात्र धरावा लागतो, तो कोणी लिहितच नाही.

सायखेडा_बाजार
ताई बरोबर, पण एवढं लांब कशाला. पीककर्ज आता शून्य टक्के आहे, व्याज धरायचंच नाही. २,८०,८०० वजा १,६३,८००, झाले १,१७,०००. एकरी ५८,५००. विषय संपला.

आबा_ओझर
संपला नाही राजे. बँकेत काउंटरवर जन्म गेला म्हणून सांगतो.

शून्य टक्के ही सवलत आहे, दर नाही. तीन लाखापर्यंतचं पीककर्ज शेतकऱ्याला सात टक्क्याने मिळतं. मुदतीत भरलं तर केंद्राकडून तीन टक्के परतावा, आणि त्यावर आपल्याकडे पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्यही सवलत देतं, ते धरून शून्यापर्यंत येतं. एक दिवस उशीर झाला तर हे दोन्ही हातचं जातं. आणि कादवाकाठच्या भाऊंसारखं ज्यांच्याकडून आधी पूर्ण सात टक्के कापलेत त्यांना परतावा मागाहून खात्यात जमा होतो.

व्याज बरोबर लागलंय का तेही तपासलं. ५ नोव्हेंबर ते ३० जून २३७ दिवस होतात. १,६०,००० चे वर्षाचे सात टक्के ११,२०० होतात, त्याला २३७ ने गुणून ३६५ ने भागा, ७,२७२. बँकेने चूक केलेली नाही. पुष्कळ जण आठ महिने झाले म्हणून वर्षाचंच व्याज धरून बसतात किंवा महिन्याला सात टक्के समजतात, असेही भेटलेत मला.

आता भाऊंनी पासबुक भरून आणावं. परतावा जमा झाला तर व्याजाच्या ओळीतून तेवढे वजा करायचे. झाला नसेल तर ७,२७२ धरूनच हिशोब करायचा, "येणार आहे" हा पैसा नसतो.

सायखेडा_बाजार
आबा मान्य. माझं सोसायटीचं कर्ज आहे, तिथे भरताना आमच्याकडून व्याज घेतच नाहीत म्हणून मला वाटलं सगळीकडे तसंच.

द्राक्षवाला_दिंडोरी
मला एक सांगा, माझं तीन एकर थॉमसन आहे, त्याला खरड छाटणी एप्रिलात आणि गोडी छाटणी ऑक्टोबरात, माल फेब्रुवारी मार्चला. मग कर्जाचं व्याज कुठल्या हंगामाला टाकायचं? आणि मांडवाला सहा लाख गेलेत त्यांचं काय? ते टाकले तर जन्मात नफा दिसणार नाही. यंदा अर्धा माल बेदाण्याला गेला, त्याचं तर बोलूच नका, डिपिंगला जेवढे गेले तेवढे पण

मळेवाली
द्राक्षवाले दादा, मांडव एका हंगामात संपत नाही. जितकी वर्षं टिकेल तितक्यांनी भागायचा. बाकी द्राक्षाचं गणित इथे आणलं तर कांद्याचा धागा नाशिक रोडला उतरायचा तो इगतपुरीला जाऊन उतरेल. वेगळा धागा काढा, मी येते.

द्राक्षवाला_दिंडोरी
काढतो. पण रडायची तयारी ठेवून या.

आबा_ओझर
मूळ प्रश्नाला धरून एक शंका. भाऊ, १,६०,००० एकदमच उचलले? नोव्हेंबरात तर रोप आणि नांगरट एवढाच खर्च. लागवड डिसेंबर जानेवारीत, काढणी एप्रिलात. मधले पैसे कुठे होते?

कादवाकाठचा
आबा खोटं बोलणार नाही. ३०,००० पोरीच्या कॉलेजची फी भरली नोव्हेंबरातच. बाकी बचत खात्यात पडून होते, लागतील तसे काढले. वाटलं एकदाच उचलले की बँकेत चकरा नकोत.

आबा_ओझर
चकरा वाचल्या, व्याज लागलं. किसान क्रेडिट कार्डाचं खातं असेल तर जेवढे उचललेत तेवढ्यावरच, तेवढ्याच दिवसांचं व्याज लागतं. काढणीचे २८,००० एप्रिलात उचलायचे होते ते पाच महिने आधी काढून ठेवले. आणि एप्रिलात ९२,००० आले ते त्याच खात्यात भरले असते तर? समजा २० एप्रिलला भरले, तिथून ३० जूनपर्यंत ७१ दिवस. ९२,००० चं ७१ दिवसांचं सात टक्क्याने १,२५३ रुपये व्याज वाचलं असतं. फार नाही, पण फवारणीचा एक दिवस निघाला असता.

मळेवाली
आणि फीचे ३०,००० कांद्याचे नाहीत. त्यांचं व्याज कांद्याच्या डोक्यावर का? ते घराच्या वहीत. कांद्याला १,३०,००० लागले, त्यांचं २३७ दिवसांचं व्याज ५,९०९. म्हणजे नफा १,११,०९१ झाला.

फरक हजार दीड हजाराचाच आहे हो, पण सवय म्हणून. पुढच्या वर्षी कर्जातून लग्न केलंत तर फरक हजारात राहणार नाही.

चांदवडचा_वारा
आणि लग्नाचा एकरी नफा कसा काढायचा? 😂

मळेवाली
वारा भाऊ, तिथे मुद्दलही परत येत नाही.

कादवाकाठचा
अजून एक विचारायचंच राहिलं. फवारणीचे २०,००० दुकानदाराकडे उधारीने होते. जानेवारीत औषध आणलं, एप्रिलच्या पट्टीतून दिले. रोखीने तेच १८,००० ला पडलं असतं असं तो स्वतःच म्हणाला. मग हे दोन हजार व्याजात टाकायचे का?

सायखेडा_बाजार
टाकायचेच. दुकानदाराचं व्याज पण व्याजच.

मळेवाली
टाका, पण मग फवारणीच्या ओळीतून काढून. २०,००० फवारणीला लिहिलेत ना, त्यात ते दोन हजार आलेत. फवारणी १८,००० आणि उधारीचं व्याज २,०००, असं लिहा. फवारणी २०,००० आणि शिवाय व्याज २,००० असं लिहिलंत तर परत तेच, दोनदा वजा.

एकूण नफा बदलत नाही, पण वेगळं लिहिलं की डोळे उघडतात. १८,००० वर तीन महिन्यांत दोन हजार, म्हणजे वर्षाला चव्वेचाळीस टक्क्यांच्या घरात. आणि तेव्हा बँकेचे सात टक्क्यांचे पैसे बचत खात्यात झोपलेले होते!

कादवाकाठचा
ताई आता बायकोला हे वाचायला देऊ नका.

वडनेरचा_पाव्हणा
सगळे व्याजाच्या मागे लागलेत, मोठा पैसा तर चाळीत आहे. भाऊ, चाळीत किती टाकला होता तोललात का?

कादवाकाठचा
तोलला नाही, ट्रॉल्या मोजल्या. अंदाजे १४० क्विंटल टाकला. बाहेर निघाला ११२ चांगला आणि ८ गोल्टी खाद, म्हणजे १२०. वीस क्विंटल वाळला, सडला.

वडनेरचा_पाव्हणा
म्हणजे सातवा हिस्सा गेला अडीच महिन्यांत, बरा टिकला म्हणायचा. आता बघा. सगळा २२० क्विंटल एप्रिलातच ११५० ने दिला असता तर २,५३,००० आले असते. चाळीत ठेवून २,८०,८०० आले. २७,८०० जास्त. त्यातून चाळीत भरायचे ४,६०० वजा करा, २३,२०० राहिले. आबांनी काढलं तसं कर्ज अडकल्याचं व्याज वजा करा, चाळीचा पत्रा, बांबू, जाळी दरवर्षी थोडं जातंच तेही. म्हणजे तुमच्या नफ्यातले पंधरा वीस हजार कांदा पिकवल्याचे नाहीत, तो थांबवल्याचे आहेत. पुढच्या वर्षी भाव पडला तर हेच उलटं होईल. पिकाचा नफा आणि चाळीचा नफा वेगळा ठेवला तर कळेल की चाळ बांधून फायदा होतोय का.

सायखेडा_बाजार
पाव्हणं, सगळा २२० एकाच आठवड्यात आला असता तर ११५० ने थोडाच गेला असता. आणि ट्रॉलीचा अंदाज आहे, तिथे १४० ऐवजी १३० पण असेल. मग सडला वीस की दहा?

वडनेरचा_पाव्हणा
भाव तोच राहिला असता, कारण आपण एकट्याने बाजार पाडत नाही. पण वजनाचं बरोबर बोलला. चाळीत टाकताना एक ट्रॉली काट्यावर करून घ्यायची आणि तिच्यावरून बाकीच्या धरायच्या. शेतातला कांदा ओला असतो, ट्रॉलीत भरपूर दिसतो.

सायखेडा_बाजार
मला तरी थांबणं परवडत नाही, जूनची तारीख डोक्यावर असते. चाळ असून काय उपयोग.

आबा_ओझर
तेच तर, कर्जाची तारीखच भाव ठरवते आपला. भाऊंना जूनच्या शेवटी का विकावं लागलं ते ओळखलंच असेल.

कादवाकाठचा
हो आबा. ३० जूनची धास्ती. आजपर्यंत थांबलो असतो तर काय भाव मिळाला असता ते बघतच नाही, जीव जळतो.

मळेवाली
एक विचारू? दोन एकर हे कशावरून? सातबाऱ्यावरून?

कादवाकाठचा
सातबाऱ्यावर ०.८० हेक्टर आहे. म्हणजे दोनच एकर ना?

आबा_ओझर
जवळजवळ. ०.८० हेक्टर म्हणजे ८० आर, एकरात १.९८. ते सोडा, ताई वेगळंच विचारतायत.

मळेवाली
हो. त्या ८० आरात चाळ आहे, बांध आहेत, विहीर आहे, ट्रॅक्टरचा रस्ता आहे. कांदा होता किती गुंठ्यात? एकरी काढताना भागाकार तिथल्या क्षेत्राने. मोबाइलवर जीपीएसने शेताच्या कडेने चालून क्षेत्र मोजता येतं, मी मागच्या वर्षी केलं. आमचं "दीड एकर" तेवीस गुंठ्यांनी कमी निघालं, सासरे दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

कादवाकाठचा
आत्ताच चालून आलो, चिखलात. ७३ गुंठे निघाले. विहिरीची बाजू आणि चाळ आणि मधला रस्ता वगळून.

मळेवाली
७३ गुंठे म्हणजे १.८२५ एकर. १,११,०९१ भागिले १.८२५, एकरी ६०,८७२. दोनने भागून ५५,५०० आलं असतं. पाच हजाराचा फरक नुसत्या भागाकारात, तोही आबांनी काढलेल्या १,२५३ च्या व्याजापेक्षा मोठा.

एक सांभाळा, उत्पन्न आणि खर्च दोन्हीकडे तेच क्षेत्र धरायचं. लागवडीचे पैसे तुम्ही मजुरांना दोन एकराचे दिलेत, म्हणजे ७ गुंठ्यांचे जास्तीचे दिलेत. ते आता गेले.

चांदवडचा_वारा
मजूरवाले पण हाच धागा वाचत असतील तर यंदा लागवड बंद 🤭

पुणेकर_नातू
मी परत एक भाबडा प्रश्न विचारतो, रागावू नका. घरचे लोक शेतात राबले त्यांचा पगार धरला का?

मळेवाली
वा नातू, हा भाबडा नाही, सगळ्यात टोकदार प्रश्न आहे. भाऊंच्या यादीत एक निंदणी आहे. बाकी रोपाला पाणी देणं, फुलकिडे आले का बघत रोज फिरणं, चाळीत महिन्याला सडका कांदा वेचून काढणं, हे कोणी केलं?

कादवाकाठचा
बायको आणि आई. पंचेचाळीस एक दिवस झाले असतील दोघींचे मिळून.

मळेवाली
गावात बाईचा रोज ३५० आहे ना? ४५ दिवसांचे १५,७५०. १,११,०९१ मधून गेले तर ९५,३४१. एकरी ५२,२४२. तुमचे स्वतःचे दिवस अजून धरलेच नाहीत.

सायखेडा_बाजार
घरच्या बाईला कोण रोज देतं ताई. खर्च म्हणजे जो खिशातून गेला तो. असं धरत गेलं तर जमिनीचं भाडं पण धरा.

मळेवाली
धरतात की. हमीभाव ठरवताना सरकारचाच कृषी मूल्य आयोग घरची मजुरी मिळवून एक खर्च काढतो आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलाचं व्याज मिळवून दुसरा. कोणता धरायचा ते तुम्हाला काय ठरवायचंय त्यावर. बँक भरायची आहे तर खिशातला. पुढच्या वर्षी कांदा करायचा की जमीन खंडाने द्यायची हे ठरवायचंय तर राबणं धरावंच लागेल, कारण खंडाने दिली तर वहिनी रोज दुसरीकडे जाऊन ३५० आणू शकतील.

सायखेडा_बाजार
मी नाही धरणार. घरची मजुरी म्हणजे घरचीच.

खंडकरी_सिन्नर
मी दुसऱ्याची जमीन खंडाने करतो, वर्षाला एकरी १५,००० रोख देतो. मला तर ते धरावंच लागतं आणि तरी कांदा करतोय. यावरून तुम्हीच ठरवा कोणाचं बरोबर.

कादवाकाठचा
मंडळी आभार. वहीत आता तीन ओळी लिहिल्यात. खिशातला खर्च आणि कांद्याचं व्याज धरून एकरी ६०,८७२. घरची मजुरी धरून ५२,२४२. चाळीमुळे जास्तीचे पंधरा वीस हजार, ते वेगळे, त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह, कारण ट्रॉली तोलली नव्हती.

पासबुक भरून आणलं, परतावा अजून आलेला नाही. आला की ५,९०९ पैकी जेवढे आले तेवढे तिथे वजा करीन, फीच्या वाट्याचे घराच्या वहीत.

आबा_ओझर
व्याजाचे ७,२७२ खात्याला स्वतंत्र दिसतायत का बघून घ्या, मुद्दल आणि व्याज एकाच नोंदीत असेल तर बँकेतून उतारा मागा.

कादवाकाठचा
स्वतंत्र दिसतायत आबा. आणि बायकोला ती ५२,२४२ ची ओळ दाखवली. म्हणाली, १५,७५० माझे आणि आईचे, ते कधी देताय?

चांदवडचा_वारा
आधीच म्हणालो होतो, वही बघायची गरजच नव्हती.